सर्दीतलं विषाणूचं किती, आपलं किती

सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातल्या अस्तराचा बारीकसा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तिथे मोठी पडझड दिसेल असं आपल्याला वाटतं. नाक लाल झालेलं, घसा खवखवतोय, रुमाल हातातून सुटत नाही, म्हणजे आतली नाजूक त्वचा सोलवटूनच निघाली असणार. प्रत्यक्षात ते अस्तर जवळजवळ शाबूत असतं. विषाणू शिरलेल्या पेशी थोड्याच असतात आणि त्याही इकडेतिकडे विखुरलेल्या. फ्लूचा विषाणू श्वासमार्गाचं अस्तर अक्षरशः खरवडून काढतो. नेहमीच्या सर्दीमागे बहुतेक वेळा असणारा ऱ्हायनोव्हायरस तसं काही करत नाही. तरीही माणूस तीन-चार दिवस बेजार होतो.

हा त्रास मग कोण देतं? मोठ्या प्रमाणात आपलंच शरीर. वाहणारं नाक, शिंका, कणकण, ताप ही विषाणूने केलेली हानी नसून विषाणू आल्याचं कळल्यावर शरीराने उचललेली पावलं असतात. हे नुसतं तर्काने ठरवलेलं नाही. त्याचा एक सुंदर पुरावा इंटरफेरॉन नावाच्या पदार्थाच्या गोष्टीत सापडतो.

१९५७ साली लंडनमध्ये ॲलिक आयझॅक्स आणि जाँ लिंडेनमान या दोघा संशोधकांना आढळलं, की विषाणू शिरलेली पेशी एक प्रथिन बाहेर सोडते आणि ते पोहोचलेल्या शेजारच्या पेशी विषाणूला सहज बळी पडत नाहीत. त्या प्रथिनाला त्यांनी इंटरफेरॉन हे नाव दिलं. इंग्लंडमधल्या सॅलिसबरी गावाबाहेर १९४६पासून १९९०पर्यंत सर्दीवर संशोधन करणारं एक केंद्र होतं. हजारो स्वयंसेवक तिथे दहा-दहा दिवस येऊन राहत आणि आपल्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडून घेत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे काही जणांच्या नाकात आधी इंटरफेरॉन फवारलं, मग विषाणू सोडला. सर्दीला आळा बसला. सर्दीवर औषध मिळालं असं वाटण्याजोगाच हा निकाल होता. पण पुढे इतर ठिकाणी लोकांनी हा फवारा काही आठवडे रोज वापरला, तेव्हा विषाणू नसतानाही त्यांची नाकं चोंदू लागली आणि शेंबडातून रक्त येऊ लागलं. कावीळ करणाऱ्या हिपॅटायटिसच्या विषाणूंवर उपचार म्हणून ज्यांना इंटरफेरॉनची इंजेक्शनं दिली जात, त्यांनाही ताप, अंगदुखी आणि गळून गेल्यासारखं होई. थोडक्यात, जो पदार्थ विषाणूला रोखतो तोच आपल्याला आजारी असल्याची जाणीव करून देतो.

आता एक सर्दी सुरुवातीपासून पाहू. समजा, नाशिकच्या एका शाळेत पहिलीला शिकवणाऱ्या बाई आहेत. जुलैचे दिवस आहेत आणि वर्गात निम्मी मुलं सुरसुर करताहेत. सोमवारी दुपारी एका मुलाची वही तपासताना त्याच्या हातावरचा ओलावा बाईंच्या बोटांना लागतो आणि थोड्या वेळाने त्या डोळा चोळतात. डोळ्यांतलं पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरतं, त्याबरोबर विषाणूही उतरतो. नाकातल्या प्रवाहाबरोबर तो मागे, नाक आणि घसा जिथे मिळतात तिथे पोहोचतो. तिथल्या पेशींवर आयसीएएम-१ नावाचं एक प्रथिन असतं. शरीराने ते पांढऱ्या पेशींना धरून ठेवण्यासाठी ठेवलेलं असतं. बहुतेक ऱ्हायनोव्हायरस त्यालाच चिकटून आत शिरतात. आत गेल्यावर आठ-दहा तासांत नवे विषाणू तयार होऊन बाहेर पडू लागतात.

मंगळवारी सकाळी बाईंचा घसा खवखवतो. विषाणू ओळखलेल्या पेशींनी इंटरफेरॉन सोडलेलं असतं आणि त्याच्याबरोबर इतरही संदेश गेलेले असतात. त्या गडबडीत तयार होणारा ब्रॅडिकिनिन हा पदार्थ वेदनेच्या नसा चेतवतो आणि रक्तवाहिन्या सैल करतो. विषाणूविना नुसता ब्रॅडिकिनिन निरोगी माणसाच्या नाकात सोडला, तरी नाक चोंदतं आणि घसा दुखू लागतो. दुपारपासून बाईंचं नाक पाण्यासारखं वाहू लागतं.

या वाहण्याकडे जरा सावकाश पाहायला हवं, कारण माझ्या मते तिन्ही लक्षणांत सर्वांत उघड उपयोगाचं हेच आहे. नाकाचं अस्तर निरोगी असतानाही ओलं असतं. त्यावर खाली पातळ पाण्याचा आणि वर चिकट शेंबडाचा असे दोन थर असतात. अस्तरातल्या पेशींवर केसांहून कितीतरी बारीक तंतू असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एकाच दिशेने हलतात आणि वरचा चिकट थर कारखान्यातल्या सरकत्या पट्ट्यासारखा घशाकडे ढकलत राहतात. श्वासातली धूळ, परागकण, जंतू जे काही चिकटेल ते त्यावरून मागे जातं आणि आपण ते नकळत गिळतो. ही गती तपासायची सोपी रीत कान-नाक-घसातज्ज्ञ वापरतात. नाकाच्या पुढच्या भागात सॅकरिनचा एक कण ठेवायचा आणि घशात गोडी कधी कळते ते पाहायचं. निरोगी नाकात ती साधारण वीस मिनिटांच्या आत कळते.

सर्दीत या व्यवस्थेवर ताण येतो. तंतूंची हालचाल मंदावते, काही ठिकाणी ते गळूनही जातात. त्याच वेळी ग्रंथी कितीतरी जास्त स्राव तयार करतात आणि सैल झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्तातलं पाणी पाझरतं. या पाझरलेल्या पाण्याबरोबर आधीच्या आजारांत तयार झालेली प्रतिपिंडं आणि इतर रक्षक प्रथिनं थेट अस्तरावर येतात. एका पेशीतून निघालेला विषाणू शेजारच्या पेशीत शिरण्याआधी या चिकट, वाहत्या स्रावात अडकला तर तो पुढे किंवा मागे वाहून जातो. पुढे गेला तर रुमालात, मागे गेला तर पोटात.

पोटात गेला तर काय, ही शंका आईवडिलांना फार असते. लहान मूल कफ थुंकत नाही, गिळतं, आणि घरातले हवालदिल होतात. ऱ्हायनोव्हायरसच्या बाबतीत ही चिंता नको, कारण हा विषाणू आम्लात टिकत नाही. पोलिओचा विषाणू त्याच्याच कुळातला आहे. तो जठरातलं आम्ल सोसून आतड्यापर्यंत जातो. सर्दीचा मात्र जठरातच संपतो. गिळलेल्या शेंबडाने फार तर थोडं मळमळेल.

बुधवारी-गुरुवारी बाईंचा शेंबूड घट्ट होतो आणि पिवळा, मग हिरवट दिसू लागतो. इथे आपल्याकडे एक चूक हमखास होते. हिरवा रंग दिसला की ‘इन्फेक्शन वाढलं’ असं म्हणून दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणल्या जातात. तो रंग येतो न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींमुळे. त्या मोठ्या संख्येने नाकात जमा होतात आणि त्यांच्यात लोहयुक्त असं एक हिरवं विकर असतं. साध्या विषाणूच्या सर्दीतही असा रंग येतो आणि आपोआप जातो. प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, विषाणूवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. त्यामुळे नुसत्या रंगावरून ती घेणं चूक आहे, हे मी अगदी आग्रहाने सांगेन.

नाक चोंदतं त्यामागचं कारणही बहुतेकांना वाटतं ते नसतं. शेंबूड साठून वाट बंद होते असं समजून आपण जोर लावून शिंकरतो, पण खरी अडचण रक्तवाहिन्यांची असते. नाकाच्या भिंतींवर हाडांच्या कमानी असतात आणि त्यांच्यावरच्या अस्तरात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ते रक्ताने फुगलं की हवेची वाट अरुंद होते. कितीही शिंकरलं तरी फुगलेलं अस्तर बाहेर येत नाही. उलट जोराने शिंकरताना नाकातला स्राव चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्यांत ढकलला जातो, हे सीटी स्कॅनवर दिसलेलं आहे. एकेक नाकपुडी हलक्या हाताने साफ करावी हे बरं. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून केलेले थेंब किंवा दुकानातले सलाइनचे थेंब घट्ट स्राव सैल करतात. झायलोमेटाझोलिनसारख्या थेंबांनी रक्तवाहिन्या आवळतात आणि नाक मिनिटांत मोकळं होतं. पण ते सलग तीन ते पाच दिवसांहून जास्त वापरले, तर त्यांचा असर उतरताच नाक पहिल्यापेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस त्या बाटलीला बांधला जातो.

शिंकांचं काय? नाकाच्या आतल्या संवेदना चेहऱ्याच्या एका मोठ्या नसेतून मेंदूच्या तळाशी असलेल्या भागात जातात. अस्तर चेतवलं गेलं की तिथून एक ठरलेला क्रम सुटतो: खोल श्वास, कंठाची दारं बंद, छातीत दाब आणि मग एकदम झोत. पहिल्या दोन-तीन दिवसांत शिंका जास्त येतात. त्यांचा एक उपयोग उघड आहे, तो म्हणजे साचलेला स्राव झटक्याने बाहेर टाकणं. २०१२ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यात भर घातली. प्रयोगशाळेत वाढवलेल्या नाकाच्या पेशींवर त्यांनी शिंकेसारखा हवेचा दाब दिला, तेव्हा वर सांगितलेल्या तंतूंची हालचाल वेगवान झाली. जुनाट सायनसचा त्रास असलेल्यांच्या पेशींत मात्र तसं झालं नाही.

तरीही शिंकेला मी ताप आणि शेंबडाच्या ओळीत बसवायला कचरतो. विषाणू तर पेशींच्या आत असतो, आणि शिंकेने पेशी रिकाम्या होत नाहीत. शिवाय शिंकेतून निघालेला थेंबांचा ढग सात-आठ मीटरपर्यंत जाऊ शकतो, हे मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत लिडिया बुरुइबा यांनी वेगवान कॅमेऱ्यांनी टिपलं आहे. एका नाकातून दुसऱ्या नाकात जायला विषाणूला याहून सोयीची वाट कोणती? शरीराची जुनी सफाईची सवय विषाणूलाही फायद्याची ठरते, असं म्हणणं जास्त योग्य होईल. बाई कोपराच्या खोबणीत शिंकल्या आणि वह्या तपासून झाल्यावर हात साबणाने धुतले, तर वर्गाचं काही अंशी रक्षण होईल. बरंचसं संक्रमण हातांमार्फतच होतं. हातांवर हा विषाणू काही तास टिकतो.

बाईंना ताप येत नाही. फार तर गुरुवारी अंग कणकणतं. धडधाकट मोठ्या माणसाला साध्या सर्दीत ताप क्वचितच येतो. पण त्यांच्याकडून घरी गेलेल्या त्याच विषाणूने सहा वर्षांच्या मुलाला शुक्रवारी रात्री १०१ फॅरनहाइट ताप भरतो, आणि आजी ओल्या पट्ट्या शोधू लागते.

ताप म्हणजे शरीराचं तापमान हाताबाहेर जाणं नव्हे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. शरीर किती गरम ठेवायचं ते तो ठरवतो. पांढऱ्या पेशींकडून आलेल्या संदेशांनी तिथे प्रोस्टाग्लँडिन ई-२ हा पदार्थ तयार होतो आणि ठरलेलं तापमान वर सरकतं. आता ३७ अंश सेल्सियसचं शरीर मेंदूला गार वाटतं. म्हणून अंग तापत असतानाही मुलाला थंडी वाजते, हातपाय गार पडतात, ते कुडकुडतं आणि पांघरूण मागतं. कुडकुडणाऱ्या स्नायूंतून उष्णता निर्माण होते, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या ती बाहेर जाऊ देत नाहीत. अशा वेळी बर्फाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या तर मूल अधिक कुडकुडतं. त्यातून फायदा थोडा आणि हाल जास्त. ठरलेलं तापमान पुन्हा खाली आलं की घाम फुटतो, आणि आजी म्हणते तसा ताप उतरतो. उन्हात काम करणाऱ्याला होणारा उष्माघात याहून अगदी वेगळा असतो. तिथे मेंदूने तापमान वाढवलेलं नसतं, शरीर गार राहायला धडपडत असतं. म्हणूनच उष्माघातात पॅरासिटामॉल उपयोगी पडत नाही आणि शरीर ताबडतोब गार करावं लागतं.

हा खर्चिक खटाटोप शरीर का करतं? तापमान एका अंशाने वाढलं की शरीराची ऊर्जेची गरज दहा टक्क्यांच्या आसपास वाढते. फायदा नसता तर निसर्गात ही सवय इतकी टिकली नसती. अमेरिकेतल्या मॅथ्यू क्लुगर यांनी १९७५ साली वाळवंटी इग्वाना सरड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. सरडा स्वतः उष्णता निर्माण करत नाही, उन्हात किंवा सावलीत जाऊन तापमान राखतो. जिवाणूंची बाधा झालेले सरडे आपणहून जास्त उबेच्या जागी जाऊन बसत. क्लुगर यांनी बाधित सरड्यांना वेगवेगळ्या ठरावीक तापमानांत ठेवलं, तेव्हा ४२ अंशांत ठेवलेल्यांपैकी बहुतेक जगले आणि ३४ अंशांतले बहुतेक मेले. पुढच्या वर्षी ज्या बाधित सरड्यांचा ताप औषधाने उतरवला तेही मेले. औषध देऊनही ज्यांचा ताप राहिला ते वाचले. हा प्रयोग जिवाणूंचा होता, सर्दीच्या विषाणूचा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

ऱ्हायनोव्हायरसच्या बाबतीत तापमानाचं महत्त्व वेगळ्या वाटेने कळलं. सॅलिसबरीत डेव्हिड टायरेल आणि सहकाऱ्यांना हा विषाणू प्रयोगशाळेत धड वाढवता येत नव्हता. १९६०च्या सुमारास त्यांनी नेहमीच्या ३७ अंशांऐवजी नाकातल्या ३३ अंशांवर पेशी ठेवून पाहिल्या आणि विषाणू वाढू लागला. श्वासाच्या गार हवेमुळे नाक शरीराच्या गाभ्याहून थंड असतं, आणि हा विषाणू त्या थंडाव्याला सरावलेला आहे. २०१५ साली येल विद्यापीठात एलेन फॉक्समन आणि अकिको इवासाकी यांनी उंदरांच्या श्वासमार्गातल्या पेशींवर दाखवलं, की ३७ अंशांत पेशींचा इंटरफेरॉनचा प्रतिसाद ३३ अंशांपेक्षा जास्त जोरकस असतो. उबेत विषाणू कमी वाढतो तो काही अंशी पेशी जास्त चांगला प्रतिकार करतात म्हणून. अंग तापलं की गाभ्याकडून नाकाकडे येणारं रक्तही गरम येतं. पण तेवढ्याने नाकाच्या पुढच्या टोकाला नेमका किती फरक पडतो, यावर मी फार जोर देणार नाही.

मग पॅरासिटामॉल द्यायचं की नाही? १९९० साली ऑस्ट्रेलियात ५६ स्वयंसेवकांच्या नाकात ऱ्हायनोव्हायरस सोडून काहींना ॲस्पिरिन, काहींना पॅरासिटामॉल, काहींना आयबुप्रोफेन आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली होती. ॲस्पिरिन आणि पॅरासिटामॉल घेणाऱ्यांच्या रक्तात प्रतिपिंडं कमी बनली आणि त्यांची नाकं जास्त चोंदली. एवढ्या लहान अभ्यासावरून औषध वाईट ठरत नाही, आणि पॅरासिटामॉल दिल्याने मुलांचा ताप जास्त दिवस राहिला असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. मला पटलेला मार्ग असा: तापमापकावरच्या आकड्याला औषध देऊ नये, मुलाच्या हालांना द्यावं. १०१ ताप असूनही मूल पाणी पीत असेल, थोडंफार खेळत असेल, तर वाट पाहावी. डोकं ठणकतंय, झोप लागत नाही, पाणी पीत नाही, तर द्यावं. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, दोन मात्रांत किमान चार तास, आणि दिवसात चारपेक्षा जास्त नाही. वीस किलोच्या मुलाला म्हणजे ३०० मिलिग्रॅमपर्यंत. इथे एक धोका आहे. पाच मिलिलिटरमागे १२० मिलिग्रॅमची आणि २५० मिलिग्रॅमची अशी दोन्ही सिरपं दुकानात मिळतात, म्हणून चमच्यांचा हिशोब करण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचायलाच हवा. सर्दीच्या मिश्र सिरपांत आणि गोळ्यांतही बहुधा पॅरासिटामॉल असतंच, त्यामुळे वेगळं दिलं तर मात्रा नकळत दुप्पट होते. क्लोरफेनिरामिन आणि फिनायलेफ्रिन असलेली ठरावीक मिश्रणं चार वर्षांखालील मुलांना देऊ नयेत, असा इशारा छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ साली दिला आहे. आणि मुलांना तापात ॲस्पिरिन मुळीच देऊ नये, कारण त्यातून यकृत आणि मेंदूला इजा करणारा रे सिंड्रोम होऊ शकतो.

नाशिकच्या बाई पुढच्या सोमवारी बऱ्याच सावरलेल्या असतात. त्यांची या विषाणूविरुद्धची नवी प्रतिपिंडं अजून पुरती तयार झालेली नसतात, ती एक-दोन आठवड्यांनी भरात येतात. म्हणजे सर्दी आटोक्यात आली ती बव्हंशी त्या आधीच्या, पहिल्या तासांपासून सुरू झालेल्या प्रतिसादाने. प्रतिपिंडं पुढच्या वेळी कामी येतील, पण फक्त याच प्रकाराविरुद्ध. ऱ्हायनोव्हायरसचे दीडशेहून जास्त प्रकार आहेत, म्हणून श्रावणात त्यांना दुसरी सर्दी होऊ शकते.

शरीराचा प्रतिसाद आणि खरी बिघाडाची खूण यांत फरक करायला मात्र शिकायला हवं. सर्दी पाच-सहा दिवसांनी उतरायला लागते आणि मग एकदम ताप, गालाच्या हाडाखाली दुखणं किंवा कानदुखी सुरू होते, तेव्हा वर जिवाणूंची बाधा झालेली असू शकते. तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तरी थांबू नये, त्याच दिवशी दाखवावं. श्वास घेताना बरगड्यांमधली जागा आत ओढली जात असेल, छातीत घुरघुर असेल, मूल सुस्त पडत असेल, तर ते सर्दीचं काम नव्हे. आणि पावसाळ्यात आपल्याकडे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी लागते: नाक कोरडं आहे, शिंका नाहीत, आणि ताप मात्र १०३ असेल, डोळ्यांमागे आणि सांध्यांत प्रचंड दुखत असेल, तर सर्दीऐवजी डेंग्यूचा विचार आधी करावा. साचलेल्या पाण्यातून चालून आल्यावर ताप आणि पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोस्पायरोसिसचा. डेंग्यूची शंका असेल तोवर आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन घेऊ नये, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल द्यावं आणि रक्ततपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा करून घ्यावी.